पॉलिसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काढलेल्या आयुर्विम्याच्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून बहुतेक वेळा घरातल्या बाईचं नाव असतं, आणि ते नाव तिनं स्वतः लिहिलेलं नसतं. एजंट संध्याकाळी घरी यायचा. चहा होईपर्यंत प्रपोजल फॉर्म भरायचा. नॉमिनीच्या रकान्याशी आला की विचारायचा, "वहिनींचं नाव काय लिहू?" कुणीतरी सांगायचं, आणि त्याला जसं ऐकू आलं तसं तो इंग्रजीत लिहायचा. विमेदाराच्या नावाला आणि वयाला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागे. नॉमिनीच्या नावाला तेव्हा सहसा कसलाच कागद मागत नसत. फॉर्मवरचं नाव शाखेत टाइप व्हायचं आणि बाँडवर छापून यायचं. बाँड कपाटात जायचा.

आधार कार्ड त्यानंतर आलं. देशातलं पहिलं आधार 2010 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही पॉलिसीवरचं नाव आधार बघून लिहिलेलं असणं शक्यच नाही. आधारच्या शिबिरातही रेशन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र बघून नाव टाइप झालं. अशी एकाच बाईची दोन नावं वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वर्षी तयार झाली. ती तंतोतंत जुळली तर तो योगायोगच म्हणायचा.

आपल्याकडे ती न जुळण्याची कारणंही भरपूर. नावामागे 'बाई', 'ताई' लागतं, नवऱ्याच्या नावामागे 'राव' लागतं, आणि ते कधी कागदावर येतं, कधी येत नाही. मधलं नाव एका ठिकाणी पूर्ण असतं, दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रांतागणिक फिरतं. साताऱ्याकडचे जाधव शेवटी v लावतात, तर विदर्भात त्याच जागी अनेकदा o येतो. 'व'साठी कुणी w लिहितो, कुणी v. घरात या सगळ्याला काही अर्थ नसतो. दाव्याचा कागद तपासणाऱ्या माणसाला मात्र समोर दोन नावं दिसतात, आणि ती एकाच व्यक्तीची आहेत हे त्याला कागदावरूनच ठरवावं लागतं.

हे सगळं एका घराच्या उदाहरणावरून बघू. घर अमरावतीकडचं धरू, माणसं आणि नावं काल्पनिक. विलासराव एसटीच्या आगारात मेकॅनिक आहेत. 2005 साली त्यांनी पंचवीस वर्षं मुदतीची, तीन लाखांची पॉलिसी घेतली. बाँडवर त्यांचं स्वतःचं नाव VILAS GYANDEO JADHAO असं आहे, कारण ते दाखल्यावरून घेतलं. त्याच पानावर खाली बायकोचं नाव मात्र SUNANDA V JADHAV असं आहे, कारण ते ऐकून लिहिलं. म्हणजे एकाच पानावर नवऱ्याचं आडनाव एक आणि बायकोचं दुसरं. सुनंदाबाईंच्या आधारवर नाव आहे Sunandabai Vilasrao Jadhao, आणि बँकेच्या पासबुकावर Sunanda Vilasrao Jadhao.

विलासरावांनी हे कधीच दुरुस्त केलं नाही आणि मुदत संपण्याआधी ते गेले, तर काय होईल? सुनंदाबाई दाव्याचा फॉर्म भरतील. मूळ बाँड, मृत्यूचा दाखला, स्वतःचं ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक जोडतील. शाखेतला कर्मचारी बाँडवरचं नाव, आधारवरचं नाव आणि चेकवरचं नाव शेजारी शेजारी ठेवील. तीन कागदांवर तीन नावं. दावा नामंजूर होणार नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. अक्षराच्या फरकावरून विमा बुडतो अशी भीती पुष्कळांना असते, ती खरी नाही. पण दावा थांबेल. 'एकाच व्यक्तीची ही नावे आहेत' असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून आणा, असं पत्र येईल. कधी लग्नाचा दाखला मागतील, कधी नुकसानभरपाईची हमी म्हणजे इंडेम्निटी बाँड आणि जामीनदार मागतील. फरक याहून मोठा असेल, किंवा घरातल्याच कुणी हरकत घेतली, तर गाडी वारस प्रमाणपत्रापर्यंत जाऊ शकते आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो. नवरा जाऊन पंधरा दिवस झालेले असताना ज्या बाईनं आजवर तहसीलची पायरी चढलेली नाही, तिला हे सगळं करत हिंडावं लागतं. मला या प्रकरणातली सगळ्यात जाचक गोष्ट हीच वाटते. एवढी दगदग आणि कारण एका अक्षराचं.

विमा कंपनी एवढी अडून का बसते, हेही समजून घ्यायला हवं. 1938 च्या विमा कायद्यातलं कलम 39 नॉमिनीबद्दलचं आहे. कंपनीनं नोंदवलेल्या नॉमिनीला प्रामाणिकपणे पैसे दिले की कंपनीची जबाबदारी संपते. चुकीच्या माणसाला दिले तर खरा हक्कदार उद्या दारात उभा राहू शकतो. म्हणून समोरची व्यक्ती नोंदीतलीच आहे, याचा कागद फाइलमध्ये असल्याशिवाय चेकवर सही करायला कुणी धजत नाही. 2015 च्या दुरुस्तीनंतर तर आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल, तर ती रक्कम त्या व्यक्तीच्याच हक्काची होते. आधी नॉमिनी म्हणजे इतर वारसांसाठी पैसे हातात घेणारा, एवढाच अर्थ न्यायालयांनी लावला होता. आता बायकोला नॉमिनी केलं तर पैसे सर्वसाधारणपणे तिचेच. त्यामुळे नाव नेमकं कुणाचं, हा प्रश्न आणखी महत्त्वाचा झाला आहे.

याच कलमातली एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असायला हवी. नॉमिनीची नोंद करण्याचा, बदलण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार फक्त विमेदाराचा आहे. सुनंदाबाई स्वतः शाखेत आधार घेऊन गेल्या आणि "माझं नाव चुकलंय, नीट करा" म्हणाल्या, तर कंपनी ते करू शकत नाही. मुलगा गेला तरी नाही. एजंटला सांगून ठेवलं तरी नाही. अर्ज विलासरावांचाच हवा, सही त्यांचीच हवी, आणि हे सारं ते हयात असतानाच व्हायला हवं. ते गेल्यावर बाँडवरचं अक्षर कुणालाच बदलता येत नाही. मग फक्त सुनंदाबाई म्हणजेच ती बाई, हे सिद्ध करत बसावं लागतं. आज एका पानाच्या पत्रानं होणारं काम तेव्हा प्रतिज्ञापत्रं आणि हमीपत्रांवर जातं, ते यामुळेच.

मात्र पत्र लिहायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि घाईत तीच राहून जाते. पॉलिसीवरचं नाव कशाबरहुकूम करायचं? सहज उत्तर येतं, आधारप्रमाणे. पण आधारवरचं नाव तरी बरोबर आहे का? आपल्या उदाहरणात आधारवर 'सुनंदाबाई' आहे आणि पासबुकावर 'सुनंदा'. दाव्याचे पैसे थेट खात्यात जमा होतात, म्हणून खात्यावरचं नावही जुळायला हवं. पॉलिसी आज आधारप्रमाणे केली आणि उद्या 'बाई' काढून टाकण्यासाठी आधार बदललं, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आधारवरचं नाव आयुष्यात साधारणपणे दोनदाच बदलता येतं. म्हणून ती संधी विचार करूनच वापरावी.

तेव्हा आधी घरातल्या बाईचे सगळे कागद एका टेबलावर मांडावेत: आधार, पॅन असेल तर पॅन, पासबुक, मतदार ओळखपत्र, लग्नाचा दाखला. बहुतेक कागदांवर जे नाव आहे ते कायम करावं. जो एकटा कागद वेगळा पडतो तो दुरुस्त करावा. सुनंदाबाईंच्या घरी असं दिसलं, की आधार आणि मतदार ओळखपत्र दोन्हींवर 'सुनंदाबाई विलासराव' आहे आणि वेगळं पडतं ते पासबुक. बँकेतलं नाव आधार दाखवून शाखेतच बदलून मिळतं. म्हणून त्यांनी आधारचं नाव हेच खरं धरलं, पासबुक त्याप्रमाणे करून घेतलं आणि मग पॉलिसीकडे वळले. आधारवरच चूक असती, 'सुनंदा'च्या जागी 'सुनदा' वगैरे, तर हा क्रम उलटा करावा लागला असता. आधी आधार, मग बँक, शेवटी विमा.

आता पत्र. ते मराठीत लिहिलं तरी चालतं. महाराष्ट्रातल्या शाखांत मराठी अर्ज रोजच येतात. पण नावं मात्र बाँडवर आणि कार्डावर जशी रोमन अक्षरांत छापली आहेत, तशीच्या तशी लिहावीत. संगणकात ती तशीच भरली जाणार असतात. विलासरावांचं पत्र असं झालं:

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
(शाखेचं नाव आणि पत्ता)

दिनांक: ________

विषय: पॉलिसी क्रमांक ________ मधील नॉमिनीच्या नावाची दुरुस्ती.

महोदय,

मी वरील पॉलिसीचा विमेदार आहे. ही पॉलिसी 2005 साली सुरू झाली असून आजपर्यंतचे सर्व हप्ते भरलेले आहेत. पॉलिसी कोणाकडेही गहाण अगर हस्तांतरित केलेली नाही.

पॉलिसीच्या बाँडवर माझ्या पत्नीचे नाव नॉमिनी म्हणून SUNANDA V JADHAV असे छापले आहे. तिच्या आधार कार्डावर आणि बँक खात्यावर तिचे नाव SUNANDABAI VILASRAO JADHAO असे आहे. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची, म्हणजे माझ्या पत्नीची आहेत. प्रपोजल फॉर्म भरताना नाव अपूर्ण आणि आडनावाचे स्पेलिंग चुकीचे लिहिले गेले. नॉमिनी व्यक्ती बदललेली नाही. केवळ तिच्या नावाची नोंद दुरुस्त करायची आहे.

तरी विमा कायदा 1938 च्या कलम 39 नुसार नॉमिनीचे नाव SUNANDABAI VILASRAO JADHAO, नाते पत्नी, जन्मतारीख ________, असे आपल्या दप्तरी व बाँडवर नोंदवावे आणि तशी नोंद झाल्याचे लेखी पत्र मला द्यावे, ही विनंती.

सोबत: मूळ पॉलिसी बाँड, भरलेला नॉमिनेशनचा फॉर्म, माझ्या आणि पत्नीच्या आधारच्या स्वाक्षांकित प्रती, लग्नाच्या दाखल्याची प्रत, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत.

आपला विश्वासू,
(सही)
विलास ज्ञानदेव जाधव
पत्ता, मोबाइल क्रमांक

पत्र छोटं आहे, पण त्यातल्या काही वाक्यांचं काम मोठं आहे. जुनं नाव आणि नवं नाव, दोन्ही पूर्ण लिहिली आहेत. पुष्कळ लोक फक्त "नॉमिनीचे नाव आधारप्रमाणे करावे" एवढंच लिहितात. मग कर्मचारी आधारच्या धूसर झेरॉक्सवरून नाव टाइप करतो आणि जुन्या चुकीच्या जागी नवी चूक येते. अक्षरं पत्रात स्वच्छ असली की त्याला अंदाज करावा लागत नाही.

'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' हे वाक्य या पत्राचा कणा आहे. विलासराव गेल्यावर हेच वाक्य सुनंदाबाईंना प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागलं असतं, आणि तेव्हा पैसे जिला मिळणार तीच स्वतःबद्दल सांगत आहे असं दिसलं असतं. इथे ते विमेदार स्वतः सांगतो आहे. त्यामुळे नोंद काही कारणानं वेळेवर झाली नाही, तरी शाखेच्या शिक्क्याची या पत्राची प्रत पुढे दाव्यात पुरावा म्हणून उपयोगी पडते. 'नॉमिनी व्यक्ती बदललेली नाही' हेही म्हणूनच लिहायचं. ते नसेल तर वीस वर्षांनी कुणी म्हणू शकतो, की आधी एक सुनंदा होती आणि नंतर दुसरीच आली.

पॉलिसी गहाण नाही असं लिहिलं आहे त्यालाही कारण आहे. पॉलिसी दुसऱ्याच्या नावे पूर्ण हस्तांतरित केली, तर आधीची नॉमिनेशन आपोआप रद्द होते. तारण म्हणून कर्जासाठी दिली तर नियम वेगळा आहे. नॉमिनी कायम राहतो, पण कर्ज देणाऱ्याचं देणं भागल्यावरच त्याचा हक्क. तुमच्या पॉलिसीवर कर्ज असेल, तर ते पत्रात स्पष्ट लिहा.

कागदपत्रांबद्दल दोन सूचना. आधारची प्रत देताना मास्क केलेलं आधार द्यावं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. ते आधारच्या संकेतस्थळावरून काढता येतं. नाव तपासायला ते पुरेसं असतं. आणि जुन्या कागदी पॉलिसीचा मूळ बाँड शाखेत द्यावा लागतो, कारण दुरुस्तीचा शेरा त्याच्यावरच मारतात. तो देताना त्याच्या सगळ्या पानांची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा आणि बाँड मिळाल्याची पोच घ्या. एलआयसीत नॉमिनेशनसाठी 3750 क्रमांकाचा फॉर्म वापरतात. तो शाखेतही मिळतो. खासगी कंपन्यांचे फॉर्म वेगळे, आणि बऱ्याच जणांकडे हे काम संकेतस्थळावरूनही करता येतं. नाममात्र शुल्क कंपनी घेऊ शकते. रक्कम खिडकीवरच विचारा आणि पावती घ्या.

या कामात सगळ्यात जास्त अर्ज कशावरून परत येत असतील, तर सहीवरून. विलासरावांनी 2005 साली प्रपोजलवर मराठीत सही केली होती. पुढे बँकेसाठी ते इंग्रजीत सही करू लागले. शाखेत पत्र दिलं तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी स्क्रीनवर जुनी सही बघितली आणि म्हणाल्या, "काका, पॉलिसी घेतली तेव्हाची सही करा. ही जुळत नाही." विलासरावांना ती नीट आठवत नव्हती. बाँडसोबत जपून ठेवलेली प्रपोजलची झेरॉक्स घरी होती, ती बघून दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली आणि अर्ज घेतला गेला. जुनी सही हातून उठतच नसेल, वयामुळे थरथर असेल किंवा पक्षाघात झाला असेल, तर नुसतं वेगळं वळण काढू नये. सही बदलल्याचा अर्ज वेगळा असतो. तो ओळखपत्रासह आधी द्यावा. अंगठा लावायचा असेल, तर कोणासमोर लावायचा आणि साक्षीदार कोण चालेल हे शाखेत विचारून मगच करावं. म्हातारपणी हे काम पुढे ढकलू नये, हे माझं ठाम मत आहे. विमेदाराला सही करता येत नाही अशी वेळ आली, की साधा अर्जही अवघड होऊन बसतो.

पत्र दोन प्रतींत न्यावं. एक शाखेला, दुसरीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि सही. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली, तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपून ठेवा. ईमेलनं पाठवलं तरी कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरच पाठवा. एजंटच्या मोबाइलवर कागदाचा फोटो पाठवला म्हणजे कंपनीला कळवलं, असं होत नाही. कायद्याच्या दृष्टीनं नॉमिनेशन परिणामकारक व्हायचं, तर ते पॉलिसीत किंवा पॉलिसीवरच्या शेऱ्यात असायला हवं, कंपनीला कळवलेलं हवं आणि कंपनीनं नोंदवलेलं हवं.

याच कलमात कंपनीवरही एक जबाबदारी आहे. नोंद केल्याची लेखी पोच तिनं विमेदाराला द्यायलाच हवी. शिक्क्याची प्रत म्हणजे ही पोच नव्हे. शिक्का फक्त कागद आला एवढंच सांगतो. नोंद झाल्याचं सांगतो तो बाँडवरचा शेरा किंवा कंपनीचं पत्र. अनेक घरांत पहिल्याला दुसरं समजून फाइल बंद होते. विलासरावांचा बाँड परत आला तेव्हा मागच्या बाजूला टाइप केलेला शेरा होता, तारीख आणि अधिकाऱ्याची सही होती. घरी येऊन मुलीनं तो आधारशेजारी ठेवला आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचत तपासला. पहिलं नाव बरोबर, आडनाव बरोबर, पण मधल्या नावात एक a कमी होता: VILASRO. पुन्हा शाखेत जावं लागलं. त्याच दिवशी गेल्यामुळे तो दुरुस्त करून मिळाला. दोन वर्षांनी गेले असते, तर पुन्हा नवा अर्ज आणि पुन्हा तीच सही. कंपनीच्या पोर्टलवर खातं असेल तर तिथेही नाव बघावं. बाँडवर एक आणि संगणकात दुसरं, असंही होतं.

नुसत्या स्पेलिंगपेक्षा अवघड प्रकार आहे तो पूर्ण नावच वेगळं असण्याचा. लग्नात सुनेचं नाव बदलण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं नाव लिहिलं, आणि माहेरची सुरेखा सासरी शुभांगी झाली. घरात सगळे तिला शुभांगी म्हणतात, नवऱ्यानं पॉलिसीवर शुभांगी लिहिलं, पण शाळेचा दाखला, पॅन आणि आधार सुरेखाच्या नावाचे. इथे 'स्पेलिंग दुरुस्त करा' असं पत्र देऊन भागत नाही. दोन्ही नावांत एकही अक्षर समान नाही, मग कंपनीनं एक व्यक्ती कशावरून मानायची? अशा वेळी नव्या नॉमिनेशनचा पूर्ण फॉर्म भरावा आणि नॉमिनी म्हणून आधारवरचं नाव, नातं पत्नी असं लिहावं. ही सरळ नवी नोंद असते. जुनी रद्द होते आणि शुभांगी म्हणजेच सुरेखा, हे सिद्ध करण्याची गरजच उरत नाही. गॅझेटमध्ये नाव बदलल्याची जाहिरात देऊन सगळे कागद शुभांगीच्या नावे करण्याचा मार्गही आहे, पण निव्वळ विम्यासाठी तेवढा खटाटोप नको. माझ्या मते तर साध्या स्पेलिंगच्या फरकातही पत्रासोबत नव्या नॉमिनेशनचा फॉर्म द्यावा. कायद्यात नोंद आणि पोच यांची वाट आखून दिलेली आहे, ती नॉमिनेशनची. 'दुरुस्ती' म्हणून आलेला सुटा कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

मुलीला नॉमिनी केलेल्या पॉलिसीतही हेच. ती कुमारी असताना वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव लागलं. लग्नानंतर तिनं आधार बदललं, तर पॉलिसीतलं नावही बदलावं लागतं. तिनं माहेरचंच नाव ठेवलं, तर काहीच करायला नको. हल्ली तसं पुष्कळजणी करतात. आणि नॉमिनी लहान असताना नेमलेला अपॉइंटी, म्हणजे अल्पवयीन नॉमिनीच्या वतीनं पैसे घेणारा माणूस, मूल अठराचं झाल्यावर लागत नाही. नाव दुरुस्त करताना जन्मतारखेचा रकाना नीट भरला की तो प्रश्नही सुटतो.

सगळ्या पॉलिसींना हे पत्र चालतं असं नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या कायद्याखाली बायकोमुलांच्या नावे काढलेली पॉलिसी असेल, तर तिला कलम 39 लागू होत नाही. तिथे नॉमिनी नसतो, लाभार्थी आणि विश्वस्त असतात, आणि नावाचा प्रश्न विश्वस्तांमार्फत सोडवावा लागतो. कारखान्याच्या किंवा ऑफिसच्या समूह विम्यात पॉलिसी मालकाच्या नावे असते. तिथे दुरुस्तीचं पत्र आधी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे द्यायचं. आणि बँक खात्यातून वर्षाला 436 रुपये कापून मिळणारा दोन लाखांचा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या नॉमिनीचं नाव बँकेकडे नोंदवलेलं असतं. तो फॉर्म बहुतेक वेळा बँकेच्या खिडकीवर गर्दीत घाईघाईनं भरलेला असतो. म्हणून सुनंदाबाईंसारखा फरक तिथेही निघू शकतो. ती दुरुस्ती बँकेतच करून घ्यायची, विमा कंपनीत नाही.

पत्र दिलं, आवक शिक्का मिळाला, आणि तरी महिना उलटला, उत्तर नाही. तेव्हा शाखेला आठवणपत्र देण्यापेक्षा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्यावी, पहिल्या पत्राची शिक्क्याची प्रत जोडून. विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तिथला तक्रार क्रमांक जपून ठेवावा. कंपनीनं एक महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा उत्तरानं समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पॉलिसीच्या सेवेबद्दलच्या तक्रारीही लोकपाल ऐकतो, केवळ नाकारलेले दावे नाही. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालयं मुंबई, पुणे आणि ठाण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही. अर्जाला कंपनीच्या उत्तरापासून एक वर्षाची मुदत असते.

लोकपालाकडे गेलेल्या अर्जाला जोडायचे कागदही तेच: बाँडची झेरॉक्स, आधारची मास्क केलेली प्रत, विमेदाराच्या सहीचं पत्र आणि त्यावरची आवक तारीख. म्हणून हे कागद पहिल्याच दिवशी एका पिशवीत ठेवावेत, आणि ती पिशवी कुठे आहे हे सुनंदाबाईंना सांगून ठेवावं.